अडवणारं बल क्रमांक पाच

नाव: कुवाबारा फुसाए. स्त्री. वय एकाहत्तर पूर्ण. राहणार: कुवाबारा साके भांडार, खालची आळी, दुकानामागची खोली. शिक्षण: मुलींची वाणिज्य शाळा. हुद्दा: नाही. वेतन: कुटुंबातील व्यक्ती असल्याने निरंक. सदर व्यक्ती दुकानाची मासिक बिलं हाताने लिहिते, त्यांवर शिक्का मारते व ती ग्राहकांकडे स्वतः पोचवते. नियोजित बदलाबाबत सदर व्यक्तीने कोणतीही हरकत नोंदवलेली नाही. वर्गीकरण: अडवणारं बल, क्रमांक पाच. तीव्रता: पाचपैकी पाच.

वाणिज्य मंडळाच्या अहवालात फुसाए अशी आहे. अहवाल मंडळाचे सल्लागार नागुमोसाहेबांनी लिहिला. नागुमोसाहेब सज्जन गृहस्थ. आमच्या गावातल्या निम्म्या दुकानांना त्यांनी आजवर सल्ला दिला असेल. त्यातली काही बंद पडली, पण ती सल्ला न घेताही पडलीच असती, असं ते म्हणत आणि ते खरंही असावं.

कुवाबारांचं दुकान तीन पिढ्यांचं. वरच्या आळीतल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवरच्या सरायांना साके म्हणजे तांदळाची दारू, बियर, सरबतं आणि सोया सॉस पुरवायचा, महिनाअखेरीला बिल द्यायचं, हा धंदा. फुसाएचा नवरा योशिनोरी गेल्यावर दुकान मुलाच्या, तेत्सुरोच्या नावावर झालं. त्याला आता पन्नाशी लागत आली होती, तरी गाडी चालवणारा म्हातारा होशी त्याला 'धाकटे मालक'च म्हणे. थोरले मालक जाऊन अकरा वर्षं झाली ही गोष्ट होशीला ठाऊक होती, पण पटलेली नव्हती.

दुकान तेत्सुरोचं, स्वयंपाकघर सून सातोमीचं, गाडी होशीची. फुसाएकडे उरलं होतं ते गल्ल्यामागचं बुटकं मेज आणि त्यावरची बिलं. त्या मेजापाशी बसलेली असली की ती दुकानातली माणूस असे. तिथून उठली की मागच्या खोलीतली म्हातारी. हा फरक तिनं कधी बोलून दाखवला नव्हता. बोलून दाखवण्यासारखा तो नव्हताच, तिथं बसण्यासारखा होता.

बिलांचा कायदा बदलला तेव्हापासून हे मेज अवघड झालं. दारूवर दहा टक्के कर, सरबतावर आणि सोया सॉसवर आठ टक्के. दोन्हींचा हिशेब वेगळा दाखवायचा, दुकानाचा नोंदणी क्रमांक घालायचा, आणि कराचा अपूर्णांक ओळीओळीला सोडायचा नाही, एका बिलात एका दराला एकदाच सोडायचा. फुसाए जन्मभर ओळीओळीला सोडत आली होती. नवा नियम तिनं शिकून घेतला, पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता आणि आठाचा आकडा कधीकधी शून्यासारखा दिसे. एका सरायीकडून बिल परत आलं. पुढच्या महिन्यात आणखी एक आलं. परत पाठवणाऱ्यांनी सोबत गोड भाताच्या वड्या पाठवल्या होत्या, त्यामुळे अपमान दुप्पट झाला.

तेवढ्यात मिझुनारा सरायीचं पत्र आलं. मिझुनारा म्हणजे वरच्या आळीतली सगळ्यात मोठी सराय. हिवाळ्यात दुकानाची निम्मी बियर तिथंच जाई. गेल्या साली ती तोक्योच्या कुठल्या कंपनीनं विकत घेतली होती. पत्रात लिहिलं होतं की एप्रिलपासून फक्त संगणकातून आलेलं बिल स्वीकारलं जाईल. पत्राचा शेवट 'आपल्या सहकार्याची नम्र अपेक्षा' असा होता. आमच्याकडे धमकी नेहमी याच शब्दांत देतात.

तेत्सुरोनं पत्र वाचलं आणि दातांतून हवा आत ओढली. त्याला कुणाला 'नाही' म्हणता येत नसे, आणि 'हो' म्हणणं हीसुद्धा त्याला एक प्रकारची आगळीक वाटे. त्यामुळे कुठल्याही प्रश्नाला तो आधी 'सूऽऽ' करून हवा आत घेई आणि समोरचा माणूस विषय बदलेपर्यंत ती सोडत नसे. यावेळी विषय बदलायला समोर कुणी नव्हतं. म्हणून त्यानं नागुमोसाहेबांना बोलावलं.

नोव्हेंबरमधल्या बुधवारी, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी सगळे मागच्या खोलीत, खाली शेगडी असलेल्या ऊबमेजाच्या पांघरुणाखाली पाय घालून बसले. मेजावर संत्री होती. नागुमोसाहेबांनी गुंडाळून आणलेला मोठा कागद उलगडला आणि सरकत्या दाराला चिकटवायला पट्टी काढली.

"दाराला नको," फुसाए म्हणाली. "कागद सोलून निघतो."

"तिथं कॅलेंडरचा खिळा आहे की," होशी म्हणाला. "लटकवा त्यावर. नोव्हेंबर झाकला गेला तर कुणाचं काय बिघडतंय?"

कागद खिळ्यावर चढला. नागुमोसाहेबांनी त्याच्या मधोमध जाड उभी रेघ मारली.

"ही रेघ म्हणजे आजचं दुकान," ते म्हणाले. "हातानं बिलं लिहिणारं. आपल्याला ती उजवीकडे न्यायची आहे, मशीनच्या बिलांकडे. आता मला सांगा, ती जागची हलत का नाही?"



"आळसानं नाही हं. दोन्हीकडून जोर लागतोय म्हणून. डावीकडून ढकलणारी बलं, उजवीकडून अडवणारी. दोन्ही सारखी, म्हणून रेघ उभी."

"बर्फात रुतलेली गाडी," होशी म्हणाला.

"अगदी तसंच."

"मग मागून ढकलायचं की चाकापुढचा बर्फ काढायचा?"

नागुमोसाहेबांचा चेहरा उजळला. "होशीकाका, तोच प्रश्न मी शेवटी विचारणार आहे. आत्ताच फोडू नका."

"फोडतोय कुठं? मला उत्तर माहीत आहे. बर्फ काढायचा. ढकलणाऱ्याची कंबर जाते."

मग पिवळ्या चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहायची. ढकलणारी असेल तर कोपऱ्यात डावा बाण, म्हणजे ती रेघेच्या डावीकडे चिकटेल; अडवणारी असेल तर उजवा. "आपलं नाव घालू नका, म्हणजे मोकळेपणानं लिहाल," नागुमोसाहेब म्हणाले. "आणि एक सांभाळा. माणसांची नावं लिहायची नाहीत. परिस्थिती लिहायची. माणूस म्हणजे बल नव्हे."

पद्धत चांगली आहे. मोठमोठ्या कारखान्यांत चालते म्हणतात. पण ज्या घरात चारच माणसं आहेत, आणि त्यातली एक बाई बाकीच्या तिघांचं अक्षर रोज वाचते, त्या घरात निनावी चिठ्ठी ही केवळ सभ्यतेची गोष्ट उरते.

फुसाएनं एकच चिठ्ठी लिहिली. तिच्यावर तिनं 'डोळे' असं लिहिलं आणि कोपऱ्यात डावा बाण काढला. मशीन आलं तर आकडे मोठे दिसतील, हिशेब तेच करेल, आपण मेजापाशी बसून कागद पारखायचे, शिक्का मारायचा आणि सरायीत जाऊन चहा प्यायचा, असं तिच्या मनात होतं. बदल तिला हवा होता. हे त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं कुणाला सुचलं नाही.

चिठ्ठ्या गोळा झाल्या. नागुमोसाहेब एकेक वाचत कागदावर चिकटवू लागले. डावीकडे मिझुनाराचं पत्र गेलं. सरकारी अनुदान गेलं, कारण त्याची मुदत मार्चमध्ये संपत होती. सातोमीच्या गोल अक्षरात 'संध्याकाळी यांचा वेळ वाचेल' असं होतं, तेही गेलं. 'बिलांत चुका' आणि 'डोळे' या दोन चिठ्ठ्या नागुमोसाहेबांनी एकमेकींवर चिकटवल्या, 'चुका' वर आणि 'डोळे' खाली.

उजवीकडे मशीनचा खर्च. मग 'जुन्या गिऱ्हाइकांना शिक्का मारलेला कागदच लागतो'. मग होशीची: 'माझी बोटं काचेला कळत नाहीत'.

"म्हणजे काय?"

"बँकेत ते काचेचं मशीन बसवलंय ना, त्यावर मी बोट ठेवतो आणि ते ढिम्म. मी जिवंत आहे हे त्याला मान्यच नाही. मागची बाई म्हणाली, आजोबा, हातमोजा काढा. काढलेलाच होता."

चौथी चिठ्ठी तेत्सुरोच्या बारक्या, एका बाजूला कललेल्या अक्षरात होती: 'दर प्रत्येकाचे वेगळे, तोंडी ठरलेले'. आणि पाचवी त्याच अक्षरात. ती नागुमोसाहेबांनी वाचायच्या आधी चिकटवली, मग वाचली, आणि खोकून पुन्हा काढली. पण तेवढा वेळ पुरेसा होता. तिच्यावर एकच शब्द होता. 'आई'.

"ही आपण जरा वेगळ्या शब्दांत मांडू," नागुमोसाहेब म्हणाले आणि नव्या चिठ्ठीवर लिहिलं: 'बिलं लिहिण्याची जुनी सवय'. जुनी चिठ्ठी त्यांनी खिशात टाकली. माणूस म्हणजे बल नव्हे हा नियम अशा रीतीनं पाळला गेला.

मग तीव्रता ठरवायची होती, एक ते पाच. डावीकडचं पटापट झालं. पत्र चार, चुका तीन, अनुदान दोन, वेळ दोन. नागुमोसाहेबांनी खाली अकरा लिहिलं. उजवीकडे खर्च दोन, शिक्का तीन, होशीची बोटं दोन.

"आणि हे तोंडी दर?"

"सूऽऽ," तेत्सुरो म्हणाला. "दोन."

"दोनच? मशीनमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाचा प्रत्येक मालाचा दर आधी भरावा लागतो. खरेदीचा आणि विक्रीचा, दोन्ही."

"दोन," तेत्सुरो संत्र्याच्या सालीकडे बघत म्हणाला.

"बरं. आणि शेवटचं, जुनी सवय?"

 वयानं मोठी फुसाए, तेव्हा आधी तिनं बोलायचं. दुसऱ्या कुणी आकडा सांगणं म्हणजे तिच्यासमोर तिचं मोजमाप करणं. आमच्याकडे अशा वेळी एक ठरलेली वाट असते. माणसानं स्वतःला पार खाली पाडायचं आणि बाकीच्यांनी धावून उचलायचं. "माझ्यासारख्या निरुपयोगी बाईनं काय सांगावं" असं कुणी म्हणालं की तीन जणांनी एकदम "छे छे, भलतंच काय" म्हणायचं असतं. हे म्हणणं खरं आहे की नाही हा प्रश्न कुणी विचारत नाही. दार उघडं ठेवल्यावर माणूस आत येतो, तसं ते आपोआप होतं.

फुसाएनं डोकं किंचित झुकवलं आणि हसून म्हटलं, "पाच लिहा. म्हातारीची सवय म्हणजे दगडच."

तिनं वाट पाहिली. सातोमीनं तोंड उघडलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. नवरा बोलल्याशिवाय तिला बोलता येत नव्हतं. होशीनं संत्र्याची फोड तोंडात टाकलेली होती. तेत्सुरोनं दातांतून हवा आत घेतली. ती त्यानं सोडलीच नाही.

नागुमोसाहेब बाहेरच्या तालुक्यातले. पाचसुद्धा बाईंनी स्वतःहून सांगितलं, याचं त्यांना कौतुक वाटलं. त्यांनी पाच लिहिलं. खाली बेरीज चौदा.

"आता बघा," ते म्हणाले. "अडवणारं जास्त आहे, म्हणून रेघ हलत नाही. लोक इथं काय चूक करतात? डावीकडचं वाढवतात. ताकीद देतात, तारखा ठरवतात. पण जेवढं ढकलाल तेवढा समोरून जोर येतो. रेघ तिथंच राहते आणि घरातली माणसं मात्र दमून जातात. त्यापेक्षा उजवीकडचं हलकं करायचं."

"बर्फ काढायचा," होशी म्हणाला.

"बर्फ काढायचा. आता ही पाच आपण शून्य नाही करायची, नुसती कमी करायची. दोन महिने दोन्ही बिलं चालू ठेवा, हातचं आणि मशीनचं. मशीनचं छापील बिल आजींनी तपासल्याशिवाय बाहेर जाऊ द्यायचं नाही. शिक्का त्यांच्याकडेच. ही पाच दोनवर आली तरी बेरीज अकरा, म्हणजे बरोबरी. बाकी कुठलंही थोडं हललं की गाडी निघाली."

हे बोलणं अतिशय शहाणपणाचं होतं, आणि फुसाएच्या मनात होतं तेच होतं. पण ते तिच्या कानात शिरलं नाही. ती अजून मघाच्या शांततेत बसली होती. तेत्सुरोनं वहीत लिहून घेतलं: 'उजवीकडचं हलकं करणे'. पुढचं लिहिलं नाही.

कप धुताना सातोमी म्हणाली, "आई, मी म्हणणारच होते."

"काय म्हणणार होतीस?"

"एक. फार तर दोन."

"मग?"

"हे बोलले नव्हते ना अजून."

"हं," फुसाए कप पुसत म्हणाली. "अजूनही बोललेला नाही."

त्यानंतरचे काही दिवस ती मेजापाशी बसून वाट पाहत राहिली. मुलानं काही मोठं बोलावं अशी अपेक्षा नव्हती. 'त्या दिवशी साहेबांनी उगीच पाच लिहिलं' एवढं चाललं असतं. 'मशीन आलं की तू तपास हं' हेही चाललं असतं. तेत्सुरो येता जाता मेजापाशी थबके, हवा आत घेई आणि गोदामात जाई. त्याच्या बाजूनंही काही सांगता येईल. आईला दुखावल्याचं त्याला कळलं होतं. माफी मागायची तर आधी चिठ्ठी आपण लिहिली हे कबूल करायला हवं होतं, आणि चिठ्ठी तर निनावी होती.

एका सकाळी जेवताना फुसाए म्हणाली, "वर्षअखेरची बिलं झाली की मी चिनात्सुकडे जाते."

चिनात्सु तिची मुलगी, तोक्योजवळच्या साइतामात दिलेली.

"सूऽऽ," तेत्सुरो म्हणाला. "थंडीचा प्रवास..."

"गाडीत थंडी नसते."

"किती दिवस?"

"बघू. डोळ्यांचं ऑपरेशनही तिकडेच करून घ्यावं म्हणतेय. इथं माझी अडचणच आहे."

हीसुद्धा ठरलेलीच वाट होती. इथं तर अडचण हा शब्दच तिनं मुद्दाम ताटात ठेवला होता. एकदा तरी 'कसली अडचण' असं म्हणावं, दोनदा म्हटलं तर ती राहणार होती. सातोमीच्या चॉपस्टिक्स हवेत थांबल्या.

"मग सांभाळून जा," तेत्सुरो म्हणाला.

तो निर्दय नव्हता. त्यानं वही उघडून पाहिली असती तर तिथं 'उजवीकडचं हलकं करणे' असं लिहिलेलं होतं, आणि ते आपोआप होत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला एखादी गोष्ट तोंडानं बोलावी लागली नव्हती.

डिसेंबरची बिलं फुसाएनं नेहमीसारखी लिहिली. शिक्का मारला, घसरू नये म्हणून बुटांना गवती दोर बांधून बर्फातून वरच्या आळीत गेली. त्सुताया सरायीची म्हातारी मालकीण तिची शाळेपासूनची मैत्रीण.

"पुढच्या महिन्यापासून मशीन म्हणे?" ती म्हणाली.

"हो."

"चहा पिते का ते?"

"नाही."

"मग येऊन करणार काय आमच्याकडे?"

फुसाए हसली. आपण जाणार हे तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्सुतायाची मालकीण "छे छे, भलतंच काय" म्हणाली असती, तीनदा म्हणाली असती, आणि तिच्याकडून ते ऐकून उपयोग नव्हता.

चिनात्सुचं घर नवव्या मजल्यावर. फुसाएला दिलेल्या खोलीत जावयाची व्यायामाची सायकल होती आणि वाळत घातलेले कपडे होते. चिनात्सु प्रेमळ. सकाळी कामावर जाताना म्हणे, "आई, तू काही करू नकोस. नुसती बस."

फुसाए बसे. बसायला मेज नव्हतं, म्हणून ती सायकलीशेजारी बसे. एकदा तिनं भाजी चिरून ठेवली, तर संध्याकाळी चिनात्सु म्हणाली, "अगं, चिरलेलीच मिळते इथं. बोट कापलं असतं म्हणजे?"

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, आता सुईतही दोरा ओवाल. समोरच्या इमारतीच्या गच्च्यांवरचे कपड्यांचे चिमटे तिला वेगवेगळे दिसू लागले. वाचायला मात्र काही नव्हतं. औषधोपचाराच्या सवलती इथं मिळाव्यात म्हणून चिनात्सुनं तिचं नाव गावच्या नोंदणीतून काढून साइतामाच्या नोंदणीत घातलं. नोंदणी कचेरीतल्या खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, "कायमचं स्थलांतर?" चिनात्सुनं फुसाएकडे पाहिलं. फुसाए म्हणाली, "तिथं माझं काही काम नाही." चिनात्सु म्हणाली, "हो, कायमचं." चिनात्सुची "छे छे" म्हणायची रीत शहरात आल्यावर सुटलेली होती.

फेब्रुवारीत होशीचा फोन आला.

"मालकीणबाई, बऱ्या आहात? डोळे?"

"लख्ख. मशीनचं काय झालं?"

"आलं की. खोकं आलं. धाकट्या मालकांनी गोदामात ठेवलंय, बियरच्या क्रेटवर. मी विचारलं, उघडू का? म्हणाले, सूऽऽ."

"म्हणजे उघडलंच नाही?"

"उघडलं एकदा. नागुमोसाहेब आले होते दर भरून घ्यायला. त्सुताया झालं, दुसरी एक झाली. तिसऱ्याला मशीननं आकडा लाल दाखवला. खरेदीपेक्षा विक्री कमी. थोरल्या मालकांनी कधीतरी प्यायला बसले असताना शब्द दिला असणार, आणि त्या दरानं आपण अजून नेऊन घालतोय. साहेब म्हणाले, हा दर वाढवावा लागेल, तुम्ही जाऊन बोला. झालं. त्यानंतर खोकं बंद."

 तो दर फुसाए कित्येक वर्षं बिलात लिहीत आली होती. खरेदीचा कागद तेत्सुरोकडे असे, विक्रीचा तिच्याकडे. दोन्ही शेजारी ठेवून बघायची वेळ कुणावर आली नव्हती. मशीन नेमकं तेवढंच करत होतं. आणि एकदा बघितलं की वरच्या आळीत जाऊन, गुडघे टेकून, 'दर वाढवावा लागेल' असं तोंड उघडून म्हणावं लागणार होतं.

"तोंडी दरांना तो दोन म्हणाला होता," ती म्हणाली.

"काय दोन?"

"काही नाही. तब्येतीला जप. बर्फात कंबर सांभाळ."

मार्चमध्ये सातोमीचा फोन आला. आवाज खाली होता, दुकानातून बोलत असावी.

"आई, शाईची गादी वाळलीय. कुठून आणायच्या तुम्ही?"

"स्टेशनसमोरच्या शिक्केवाल्याकडून. लाल सांग, नारिंगी नको." मग तिनं विचारलं, "बिलं कोण लिहितं?"

"मीच. हे रात्री गोदामात बसतात, मग दमतात. अक्षर माझं बरं नाही. कराचा अपूर्णांक परत चुकला, एक बिल परत आलं."

"वड्या पाठवल्या?"

"हो," सातोमी म्हणाली.

आपण परत यावं का, हे फुसाएनं विचारलं नाही. बोलावल्याशिवाय यायचं नसतं. सातोमीनंही बोलावलं नाही, कारण तेत्सुरो बोलला नव्हता. दोघीही बराच वेळ फोन धरून राहिल्या.

"बर्फ किती आहे तिकडे?" फुसाएनं शेवटी विचारलं.

"उतरतोय आता. यंदा छपरावरून दोनदा काढावा लागला."

"कोणी काढला?"

"होशीकाकांनी. दुसऱ्या वेळी मी."

"तू चढू नकोस छपरावर."

"हो, आई."

मिझुनाराचं दुसरं पत्र आलं. आजवरच्या सेवेबद्दल त्यात मनःपूर्वक आभार होते. एप्रिलपासून त्यांची बियर शेजारच्या शहरातल्या एका मोठ्या पुरवठादाराकडून येऊ लागली. तेत्सुरोनं ते पत्र वाचून हवा आत घेतली आणि देवघरापाशी, वडिलांच्या फोटोखाली ठेवलं. ज्याच्याकडे जाऊन दराचं बोलायला हवं होतं ते तिसरं गिऱ्हाईक मात्र टिकून होतं. त्याचा दर बदललेला नव्हता.

अनुदानाची फाईल बंद करायची म्हणून नागुमोसाहेबांनी शेवटचा अहवाल लिहिला. त्यात त्यांनी नोव्हेंबरमधला कागद सुधारून पुन्हा जोडला होता. 'अडवणारं बल क्रमांक पाच (बिलं लिहिण्याची जुनी सवय): संबंधित व्यक्तीच्या स्थलांतरामुळे पूर्णपणे निवारण. तीव्रता पाचवरून शून्य. अडवणाऱ्या बलांची बेरीज चौदावरून नऊ. ढकलणारी बलं अकरा. दुकानातील समतोल बदलाच्या बाजूने झुकलेला असून सदर दुकान डिजिटल बिल पद्धतीसाठी सर्वार्थाने सज्ज आहे.'

एप्रिलची बिलं सातोमीनं हातानं लिहिली.